आ वासलेल्या तोंडाशिवाय

बातमी फुटली की मराठी यूट्यूबवर आधी तोंडं उघडतात. मग लाल बाण येतात, पाठोपाठ पिवळी अक्षरं, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय ते कागदपत्र सगळ्यात शेवटी उघडलं जातं. कधीकधी उघडलंच जात नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कागद आधी वाचायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे या धंद्यात मी जरा मागासच ठरतो. चॅनेल पुतण्याचं, बँकेच्या कामकाजावर बोलणारं तोंड माझं, आणि शीर्षकावरून होणारा वाद आम्हा दोघांचा.

या वादाचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे 19 मे 2023 ची संध्याकाळ. शुक्रवार होता. रिझर्व्ह बँकेने दोन हजारच्या नोटा चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि पुतण्याने जेवणाच्या ताटावरून मला उठवायला घेतलं.

"काका, तासाभरात टाकला तरच चालेल. उद्या सगळ्यांचे येतील."

"अरे, सगळ्यांचे येणार असतील तर आपला कशाला?"

हा प्रश्न त्याला टोमणा वाटतो, पण माझ्या लेखी तो निम्मा निर्णय असतो. बातमी तर टीव्हीवाले सांगतच होते. तीच पुन्हा, त्यांच्याहून वाईट उजेडात आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ठेवून सांगण्यात अर्थ नव्हता. आपल्याला मानणाऱ्या माणसाच्या मनात बातमीने एखादा प्रश्न उभा केला असेल, आणि त्याचं उत्तर कागदावर असेल, तर घाईचा व्हिडिओ करावा. प्रश्न असून उत्तर नसेल तर जेवावं.

इथे प्रश्न होता, आणि तो आमच्या स्वयंपाकघरातूनच आला. "माझ्या डब्यातल्या नोटांचं काय?" काकूने विचारलं. तो डबा मला आजवर ठाऊक नव्हता, पण तो विषय वेगळा.

उत्तरही होतं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर निवेदन होतं आणि सोबत प्रश्नोत्तरंही. नोट कायदेशीर चलन म्हणून कायम राहणार होती. खात्यात नेहमीसारखी भरता येणार होती. बदलून घ्यायची असेल तर 23 मेपासून कोणत्याही बँकेत, एका वेळी 20,000 रुपयांपर्यंत, म्हणजे दहा नोटा. त्यासाठी त्या बँकेत खातं असण्याचीही गरज नव्हती. मुदत 30 सप्टेंबर. बँकांनी दोन हजारच्या नोटा देणं मात्र लगेच थांबवायचं होतं. एवढा मजकूर चार मिनिटांत नीट सांगून होतो.

अडचण शीर्षकाची. पुतण्याने पहिलं शीर्षक टंकून तयारच ठेवलं होतं: "2000 ची नोट बंद!! लगेच बँकेत धावा". 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री असं लिहिणाऱ्याला कोणी दोष दिला नसता. पाचशे-हजारच्या नोटा त्या मध्यरात्रीपासून खरोखरच चालेनाशा झाल्या होत्या. पण या वेळी तसं नव्हतं. हे शीर्षक वाचून एखादे आजोबा शनिवारी सकाळी नोटा बदलण्याच्या रांगेत उभे राहिले असते आणि मंगळवारी या, असं ऐकून परत आले असते. त्याहून वाईट म्हणजे, नोट आता रद्दी झाली असं समजून कुणी ती कमी पैशात कुणाच्या तरी हवाली केली असती. असे "मदतीला धावणारे" 2016 मध्ये मी काउंटरच्या आतल्या बाजूने बरेच पाहिलेत.

व्हिडिओत आपण खरं सांगतोच आहोत, असं पुतण्याचं म्हणणं. पण शीर्षक जितक्यांच्या डोळ्यांखालून जातं त्यातले थोडेच लोक व्हिडिओ उघडतात. बाकीच्यांसाठी शीर्षक हाच व्हिडिओ असतो. त्यातून व्हॉट्सॲपवर दुवा पुढे गेला की तिथे दिसतं शीर्षक आणि चित्र. माझी चार मिनिटं तिथे पोहोचत नाहीत. म्हणून माझी कसोटी अशी, की ज्याने नुसतं शीर्षक वाचलं आणि फोन खिशात टाकला, तो उद्या सकाळी काय करेल?

मग त्याने प्रश्नचिन्ह लावलं. "2000 ची नोट बंद? पाहा सत्य". प्रश्नचिन्ह हे घाबरट माणसाचं उद्गारचिन्ह असतं. अफवा पसरवायची तेवढी पसरते, आणि "आम्ही तर फक्त विचारलं" म्हणायला वाट राहते. दोन हजारच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी सापडते, ही 2016 ची अफवा आठवून पाहा. तीही कितीतरी ठिकाणी प्रश्नचिन्ह लावूनच फिरत होती.

चित्राचीही तीच गत. त्याने एटीएमबाहेरच्या लांबलचक रांगेचा फोटो काढून ठेवला होता. फोटो खरा, पण साडेसहा वर्षांपूर्वीचा. त्यावर एक अक्षरही न लिहिता तो खोटं बोलला असता. त्याऐवजी नुसती नोट ठेवली आणि बाजूला तारीख. माझं तोंड मिटलेलं होतं, यावर पुतण्या अजून नाराज आहे.

शेवटी ठरलं ते असं: "2000 ची नोट: घाई नको, 30 सप्टेंबरपर्यंत बदलता येईल". मोबाईलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, म्हणून "घाई नको" पुढे आणलं. कापलं गेलं तरी कामाचं तेवढं उरतं. यूट्यूब शंभर अक्षरांपर्यंत परवानगी देतं, पण देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्याही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे आपल्या वाट्याला शंभर कधी येतच नाहीत.

"उत्तर शीर्षकातच दिलं तर उघडेल कोण?" पुतण्याचा हा प्रश्न खोटा नव्हता. क्लिक कमी येतात, हे मला स्टुडिओतल्या आलेखावर त्याने बोट ठेवून दाखवलं आहे. पण डब्यात बारा नोटा असणारी, दुसऱ्या बँकेत खातं असणारी, बँकेपर्यंत जाता न येणारी माणसं उघडतात आणि शेवटपर्यंत थांबतात. धावत येऊन पहिल्या दहा सेकंदांत चिडून निघून जाणाऱ्यांपेक्षा मला ती परवडतात. पुढे डिसेंबर 2024 मध्ये यूट्यूबनेच जाहीर केलं, की शीर्षक किंवा चित्रात दिलेलं वचन व्हिडिओत पाळलं नसेल तर भारतात, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, असे व्हिडिओ काढले जातील. ते वाचून पुतण्या काहीच बोलला नाही, आणि मीही शहाणपणाने काही बोललो नाही.

खरं काम मात्र टाकल्यानंतर सुरू होतं, कारण तारखेचं शीर्षक नासतं. टाकलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा ठेवता येत नाही, पण शीर्षक आणि माहितीची चौकट केव्हाही बदलता येते. 30 सप्टेंबरला मुदत 7 ऑक्टोबरपर्यंत वाढली, त्याच संध्याकाळी आम्ही शीर्षक बदललं. ती संपल्यावर पुन्हा बदललं, कारण नोट तेव्हाही कायदेशीर चलन होतीच. फक्त आता ती रिझर्व्ह बँकेच्या 19 कार्यालयांतच घेतली जाणार होती. त्यात आपल्याकडची मुंबई, बेलापूर आणि नागपूर. जाणं शक्य नसेल त्याने टपालाने पाठवायची. व्हिडिओत मी "30 सप्टेंबर" म्हणतो ते राहिलंच, म्हणून दुरुस्तीची पहिली टिप्पणी आम्ही स्वतःच वर खोचून ठेवली आहे.

"लगेच बँकेत धावा" असं शीर्षक दुसऱ्या एका चॅनेलने त्याच संध्याकाळी दिलं होतं. ते अजून तसंच आहे आणि त्याला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिलंय. पुतण्या अधूनमधून ते आकडे मला वाचून दाखवतो. काकू ऐकते, आणि डबा कुठे ठेवलाय ते अजून सांगत नाही.