बहुपर्यायी प्रश्न परत कसा पाठवावा

कसबा पेठेतले एखादे मंडळ गणेशोत्सवात 'आपले पुणे' सामान्यज्ञान स्पर्धा ठेवते आणि छपाईच्या आदल्या संध्याकाळी "जरा नजर फिरवा" म्हणून प्रश्नपत्रिका तुमच्या हाती देते, असे धरून हे मार्गदर्शन लिहिले आहे. नजर फिरवू नये. पोलीस ठेवतात तशी ठेवावी.

उत्तरतालिका मागू नये, दिलीच तर पाकिटात घालावी. उत्तर आधी कळले की उरलेले तीन पर्याय आपोआप चूक वाटू लागतात आणि तपासनिसाचा प्रश्नकर्त्याच्या बाजूचा साक्षीदार होतो.

आता पर्याय तळहाताखाली झाकून नुसता प्रश्न वाचावा. 'लाल महाल कोणी बांधला?' वरवर पाहता सोज्वळ प्रश्न. पण कोणता लाल महाल? शहाजीराजांच्या काळचा मूळ वाडा कधीच नाहीसा झाला. आज आपण पाहतो ती वास्तू महानगरपालिकेने १९८०च्या दशकात उभारली. तळहात उचलल्यावर 'अ' ला शहाजीराजे आणि 'ड' ला पुणे महानगरपालिका दिसली, तर समजावे की प्रश्नकर्त्याने महापालिका गंमत म्हणून घातली आहे. महापालिकेची बाजू खरी निघण्याचा योग क्वचित येतो, पण इथे तो आला आहे. प्रश्नात 'मूळ' हा एक शब्द घातला की तो सुटतो. तो आपण घालू नये. प्रश्न परत पाठवावा.

पुढे पर्याय एकमेकांशी ताडून पाहावेत. चार पर्यायांच्या सहा जोड्या होतात. सहाही पाहाव्यात, कारण जुळे पर्याय एकाच कपड्यांत येत नाहीत. शिवजन्माच्या प्रश्नात 'ब' ला इ.स. १६३० आणि 'क' ला शके १५५१ असेल, तर फाल्गुन वद्य तृतीयेपुरते ते एकच उत्तर आहे. बरोबर उत्तरच दोनदा आले तर दोघांना गुण द्यावे लागतात. चुकीचे उत्तर दोनदा आले तर हुशार मुलगा 'दोन्ही कशी बरोबर असतील?' म्हणून दोन्हींवर काट मारतो आणि इतिहास न वाचता अर्धी लढाई जिंकतो. दुसरा दोष अधिक वाईट, कारण त्यावर कोणी तक्रार करत नाही.

शेवटी अवघड काम. प्रत्येक चुकीच्या पर्यायाचे वकीलपत्र घ्यावे आणि तो बरोबर ठरवून पाहावा. एकही खटला जिंकलात तर प्रश्न सदोष. 'पुण्याचे ग्रामदैवत कोणते?' या प्रश्नावर कसब्यात बसून 'कसबा गणपती' याखेरीज दुसरे उत्तर सुचणारच नाही, आणि धोका तिथेच आहे. कारण 'ब' ला तांबडी जोगेश्वरी आहे, ती पुण्याची ग्रामदेवता. 'दैवत' म्हणताना देवी वगळली असे प्रश्नकर्ता सांगेल. बुधवार पेठेत जाऊन सांगावे.

आता परतीची चिठ्ठी. "प्रश्न बरा वाटत नाही" असे लिहू नये. त्यावर चहा होतो, दुरुस्ती होत नाही. असे लिहावे: 'प्र. ७. दोष: दोन बरोबर उत्तरे, अ आणि ब. कारण: तांबडी जोगेश्वरी ही पुण्याची ग्रामदेवता मानली जाते. अपेक्षा: प्रश्न एकाच उत्तरापुरता बांधावा.' एका दोषाला एक चिठ्ठी. प्रश्नकर्त्याच्या शिक्षणाचा उल्लेख टाळावा, मोह झाला तरी.

प्रश्न दुरुस्त होऊन येतो: 'पुण्यातील मानाचा पहिला गणपती कोणता?' पर्याय: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग. चारही मानाचे, पण पहिला एकच. उत्तम प्रश्न. अशा वेळी निर्धास्त होऊ नये. प्रश्नकर्त्याला तुळशीबाग फार सोपी वाटली, म्हणून त्याने ऐन वेळी 'ड' बदलून 'पुण्याचे ग्रामदैवत असलेला गणपती' केले. म्हणजे 'अ' च पुन्हा, पूर्ण नावानिशी. म्हणून दुरुस्त प्रश्न नवाच समजावा आणि तळहातापासून पुन्हा सुरुवात करावी.

छापून गेल्यावर हेच काम परीक्षार्थी करतात, फक्त कमी प्रेमाने. राज्य लोकसेवा आयोगसुद्धा आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो, मग अंतिम तालिका काढतो, आणि काही प्रश्न रद्द होतात. रद्द प्रश्नावर विचार करण्यात गेलेली मिनिटे मात्र कोणी परत देत नाही. मंडळाकडे हरकतींची मुदत नसते. बक्षीस समारंभात माईक असतो.

या मार्गदर्शनावर प्रश्नकर्त्यांची हरकत असल्यास ती प्रश्न क्रमांक, पर्याय आणि पुराव्यासह लेखी द्यावी. 'हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे' हा पुरावा धरला जाणार नाही.