पाय दोन, पायडल तीन

आमच्या केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याला, गाडी शिकवणारे एक मास्तर आहेत. आवाज कधी चढत नाही. रागावले की डाव्या बाजूच्या जास्तीच्या ब्रेकवर त्यांचा पाय तेवढा बोलतो. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते पहिल्या दिवशी एक झेरॉक्स देतात. ती अशी:

शिकाऊ मंडळींना नमस्कार.

डावीकडून क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. डावा पाय फक्त क्लचचा. उजवा ब्रेक आणि रेस दोन्ही सांभाळेल, म्हणजे एका वेळी दोन्ही दाबायची हौस आपोआप फिटते. क्लच दाबला की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो, सोडला की जुळतो. ही सोयरीक घाईत जुळवली की गाडी दणका देऊन बंद पडते. म्हणून पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिनचा आवाज जड होईल, बोनेट किंचित उचलेल. तिथंच पाय थांबवा. हाच हाफ क्लच. थोडी रेस द्या, गाडी सरकली की उरलेला क्लच सोडा. चढावर मात्र गाडी हाफ क्लचवर रोखून धरू नका, हँडब्रेक त्यासाठीच आहे. जळका वास आला तर शेतात कोणी काडीकचरा पेटवला म्हणून काच वर करू नका. तो तुमच्याच क्लचचा आहे.

आता दांडा. डावीकडे वर पहिला, खाली दुसरा. मध्ये वर तिसरा, खाली चौथा. उजवीकडे वर पाचवा, खाली रिव्हर्स. (पाहुण्यांच्या गाडीत रिव्हर्स पहिल्याशेजारी असू शकतो, आधी मुठीवरचं चित्र बघा.) न्यूट्रलमध्ये दांडा स्प्रिंगमुळे आपसूक तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन उभा राहतो. बहुतेकांची फजिती दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना होते. हायवेला लागलात, काटा २५-३० वर आला. क्लच पूर्ण दाबा, दांडा दुसऱ्यातून न्यूट्रलला आणून मूठ सैल सोडा, मग तळव्यानं सरळ पुढे ढकला. घट्ट धरून उजवीकडे ओढाल तर पाचवा लागेल आणि गाडी थरथरत रडेल. डावीकडे दाबाल तर पहिला लागेल, मग तुमचं कपाळ आणि स्टिअरिंग यांची ओळख होईल. रिव्हर्स गाडी पूर्ण थांबल्यावरच. दांड्याकडे बघू नका बाप्पा, तो कुठं जात नाही. समोरचा ट्रक येतो आहे.

थांबताना आधी ब्रेक, गाडी अगदी मंदावल्यावर क्लच.

लर्निंग लायसन्सला ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. पुढच्या आठवड्यात लग्नाला गाडी न्यायची आहे, असं सांगून माझ्याकडे वशिला लावू नये. चप्पल घालून येऊ नये.