जालन्याचं पत्र झारखंडला

जालन्याचा पिनकोड 431203. देवनागरीत तोच ४३१२०३. आता हा दुसरा आकडा फक्त इंग्रजी अंक ओळखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. ४ त्याला 8 वाटतो, १ त्याला 9 वाटतो. २, ३ आणि ० मात्र जवळपास जसेच्या तसे. हाती आला 839203. पिनकोडचा पहिला अंक विभाग सांगतो. 4 म्हणजे महाराष्ट्राचा पट्टा, 8 म्हणजे बिहार-झारखंड.

खरी गोम या चार अंकांत आहे: १ आणि 9, ४ आणि 8. ५, ६, ७ आणि ८ अनोळखी दिसले तर वाचणारा थांबतो, कुणाला तरी विचारतो. १ आणि ४ थांबवत नाहीत, ते बिनबोभाट चुकीचे वाचले जातात. म्हणून एकाच ओळीत दोन्ही लिप्यांचे अंक विनाकारण मिसळणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. मराठी ओळीत सगळे अंक देवनागरी असले तर शेजारचे अंक वाचणाऱ्याला लिपी सांगतात. "वेळ 10 ते ४" असं लिहिलं की तो आधार गेला.

तारखेत तर घात होतो. फळ्यावर खडूने "अंतिम मुदत १/४" लिहिलं आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाने बापाला वाचून दाखवलं, तर १ एप्रिलचा 9 ऑगस्ट होतो. मुदत गेली, अर्जही गेला. महिना अक्षरांत लिहायला एवढी काटकसर का? "१ एप्रिल" लिहिलं की शंका उरत नाही.

मग कुठे कुठला अंक? माझी कसोटी एकच: वाचणारा त्या आकड्याचं पुढे काय करणार? नुसता वाचणार असेल, तर मराठी मजकुरात देवनागरी आणि इंग्रजी मजकुरात इंग्रजी अंक. तारीख, वेळ, रक्कम, वॉर्ड हे सगळं यात येतं. पण आकडा कळफलकावर टाकायचा किंवा कागदाशी, पाटीशी ताडून पाहायचा असेल, तर तो मराठी मजकुरातही मूळ कागदावर जसा छापला तसाच हवा. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ चिन्हं असतात आणि पाचवं 0 असतं. डोळ्याला ० आणि 0 सारखेच, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. मोबाइलवरच्या मराठी सूचनेतून ० उचलून अर्जात चिकटवला, तर कोड नाकारला जाऊ शकतो आणि चूक डोळ्याला दिसतही नाही. गाडीचा MH 21 सुद्धा तसाच लिहावा, कारण पाटीवर तो तसाच आहे.

आणि सरसकट सगळे अंक इंग्रजी करून मोकळं होणाऱ्यांनी पंचांगावर तिथी-तारीख पाहणाऱ्या आजीसमोर आपली पाणीपुरवठ्याची सूचना धरावी. तिने पाण्याची वेळ कुणाला विचारायची?