नऊ ओळींचा मुनीम

किराणा दुकानदाराला दिवसाच्या विक्रीची बेरीज करायला संगणक लागतो, असं त्याच्या तोंडावर बोलण्याची हिंमत कोणी करू नये. पाव किलो तूरडाळ, शंभर ग्रॅम जिरं, दोन साबण आणि मागची बाकी यांची बेरीज तो पिशवीला गाठ मारता मारता करतो, आणि सुटे नाहीत म्हणून वर दोन गोळ्याही हातावर ठेवतो. तरीही अशा माणसाने आयुष्यातली पहिली स्क्रिप्ट लिहावी आणि ती विक्रीच्या बेरजेचीच लिहावी, असं माझं ठाम मत आहे. बेरीज त्याला येतेच. रोज रात्री आपण बेरीज नक्की कशाची करतो, हे मात्र त्याला कोणी कधी विचारलेलं नसतं. घरच्यांनी विचारलं तर तो ओरडतो. स्क्रिप्टवर ओरडून उपयोग नसतो.

एक दुकान धरू. तालुक्याचं गाव, शटर अर्धं खाली, गल्ल्यात सकाळी ठेवलेले १००० रुपये सुटे. दुकानदाराने दिवसभरातल्या रकमा एका फाइलमध्ये ओळीने उतरवल्या आणि पायथनला सांगितलं की एकेक ओळ घे आणि एकूणमध्ये मिळव. पायथनचं उत्तर असं:

```
TypeError: unsupported operand type(s) for +: 'int' and 'str'
```

दुकानदाराला हा उद्धटपणा वाटतो. खरं तर तक्रार रास्त आहे. फाइलमधून आलेली ओळ म्हणजे पायथनच्या लेखी नुसती अक्षरं. ती संख्या आहे हे int लावून सांगावं लागतं. ते सांगितलं की पुढची ठेच लागते १२०/- या ओळीला. रकमेपुढे कोणी आणखी आकडा घुसडू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मारलेली ती रेघ इथे थेट गुन्हा ठरते. १,२५० मधला स्वल्पविरामही चालत नाही. गंमत अशी की देवनागरी आकडे मात्र int बिनतक्रार वाचतं. १२० लिहिलं काय आणि 120 लिहिलं काय, त्याला सारखंच. फाइल उघडताना encoding="utf-8" एवढं लिहिलं की अक्षरांचाही प्रश्न मिटतो. म्हणजे भाषेची अडचण कधीच नव्हती, अडचण होती ती सवयींची.

इथवर झाली किरकोळ कुरबुर. खरा खटला पुढे उभा राहतो. समजा, दिवसाचे व्यवहार पाचच: १२० रुपये रोख, ३४० फोनवरून, २५० ची उधारी, एका जुन्या गिऱ्हाइकाने उधारीपोटी रोखीने भरलेले ५००, आणि परत आलेल्या तेलाच्या पुडीचे परत दिलेले ६०. स्क्रिप्ट सगळं मिळवून १२७० सांगते. बेरीज अचूक आहे आणि उत्तर साफ चूक. ते ५०० ही आजची विक्री नव्हेच. तो माल महिन्यापूर्वीच कोणाच्या तरी पोटात गेला. ६० तर वजा व्हायला हवेत. आजची विक्री १२०, ३४० आणि २५० मिळून ७१०, त्यातून ६० गेले की ६५०. गल्ल्याचं गणित आणखी निराळं: १००० मध्ये १२० आणि ५०० आले, ६० गेले, म्हणजे १५६०. फोनचे पैसे बँकेत, उधारीचे हवेत. एकाच फाइलमधून दोन बेरजा निघतात आणि त्या एकमेकींशी कधीच जुळणार नसतात. रोजमेळ लिहिणाऱ्या जुन्या मुनिमाला हे पाठ होतं. जमा कुठे आणि नावे कुठे हे त्याच्या हाताला ठाऊक होतं, पण त्याचा नियम कुठल्याच पानावर लिहिलेला नसायचा. स्क्रिप्टमध्ये तो लिहावाच लागतो:

```python
niyam = {"रोख": (1, 1), "फोन": (1, 0), "उधार": (1, 0),
         "जमा": (0, 1), "परत": (-1, -1)}
vikri, galla = 0, 1000
for ol in open("vikri.txt", encoding="utf-8"):
    prakar, rakkam = ol.split()
    v, g = niyam[prakar]
    vikri += v * int(rakkam)
    galla += g * int(rakkam)
print(vikri, galla)
```

फाइलमधली ओळ आता 'रोख १२०' अशी. कंसातला पहिला आकडा विक्रीवर होणारा परिणाम सांगतो, दुसरा गल्ल्यावर होणारा. सगळा धंदा पहिल्या दोन ओळींत बसला. उरलेल्या सात नुसत्या हमाल.

यावर कॅल्क्युलेटरवाले हसतील. त्यांच्या यंत्रावर GT चं बटण आहे, मागे जाऊन आकडे तपासायची सोय आहे, आणि ते यंत्र पडलं तरी फुटत नाही. हे सगळं मान्य. पण कॅल्क्युलेटरला ५०० ही विक्री की वसुली, हे कधी विचारावंसं वाटत नाही. तो देवळातल्या दानपेटीसारखा जे पडेल ते घेतो. एक्सेलवाल्यांची हरकत जास्त वजनदार आहे, कारण तिथे खरोखर दहा मिनिटांत तक्ता होतो. मात्र SUM ची एक खोड आहे: रकान्यात १२०/- असं लिहिलं असेल तर तो त्याला मजकूर समजून गुपचूप वगळतो आणि उरलेल्यांची बेरीज मोठ्या आत्मविश्वासाने दाखवतो. स्क्रिप्ट त्याच ठिकाणी अडून बसते आणि लाल अक्षरांत बोंब मारते. पैशाच्या कामात मला बोंब मारणारा नोकर परवडतो. एखाद्या रात्री घाईत 'उधारी' असं लिहिलं गेलं तरी ती KeyError देऊन थांबते, कारण नियमांत शब्द 'उधार' आहे. हे ताठर वागणं आहे, पण फसवणूक नाही.

हे काम संगणकाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असंही कोणी म्हणेल. इतिहास उलटा आहे. १९५१ साली लंडनमध्ये लायन्स या चहाच्या दुकानांच्या कंपनीने लिओ नावाचा स्वतःचा संगणक बांधला, आणि व्यवसायाच्या कामाला नेमाने जुंपला गेलेला तो जगातला पहिला संगणक मानतात. त्याला पहिलं काम मिळालं ते बेकरीतल्या मालाच्या मोलाचा हिशेब. पाव, केक आणि पाय. तेव्हा आपला दुकानदार हलकंसलकं काम करतोय असं मुळीच नाही.

आता स्क्रिप्टची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर दुकानदार मुनिमाला उद्याच घरी पाठवेल. ४५० ऐवजी ५४० टाइप झालं तर ती निमूट ५४० घेते. इथे जुनाच तोडगा कामाला येतो: गल्ला मोजून पाहायचा, आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. ५४० वजा ४५० म्हणजे ९०. संशय म्हणजे पुरावा नव्हे, पण कुठे शोधायचं ते कळतं.

आमच्या दुकानात स्क्रिप्ट १५६० म्हणाली आणि गल्ल्यात निघाले १३६०. फरक २००, त्याला ९ ने भाग जात नाही. दुकानदार प्रथम स्क्रिप्टवर घसरतो, मग फाइल तपासतो, मग पोऱ्याकडे बघतो. शेवटी आतून आवाज येतो, "अहो, भाजीला घेतले होते की दुपारी!" म्हणजे दुकान चालू झाल्यापासून ही रक्कम कधी विक्रीत, कधी सुट्यांच्या गोंधळात मुरत होती. निमूटपणे नियमांत एक भर पडते: "घर": (0, -1). विक्रीवर परिणाम शून्य, गल्ला वजा. मेळ जुळतो. तेवढ्यात धाकटा बरणीतून एक चॉकलेट काढून घेतो, आणि त्याची नोंद करायला फाइल उघडल्यावर कळतं की या व्यवहाराचे दोन्ही आकडे शून्य आहेत. त्यासाठी आता मालाची दुसरी फाइल लागणार.