पर्यवेक्षणाचा तक्ता आणि तेहतीस मुलं

प्रस्तुत लेखकाने मुख्याध्यापकांना ईमेल धाडली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मुख्याध्यापकांची खोली स्टाफरूमला लागूनच आहे. दुपारी दोन मिनिटांत तोंडी काम झालं असतं. पण तोंडी सांगितलेल्या कल्पनेला शीर्षक देता येत नाही. हिला होतं: ‘दुसरी घटक चाचणी, 10 ते 15 फेब्रुवारी 2025, पर्यवेक्षण नियोजनाचा प्रस्तावित तक्ता.’

आजवर ड्युट्या फळ्यावर आयत्या वेळी लागत. ज्येष्ठांना रिलिव्हरची, म्हणजे हिंडायची ड्युटी. कनिष्ठांना रोज ब्लॉक. लेखकाने या अन्यायाला गणितानेच गाठलं. बारावीची बोर्डाची परीक्षा 11 तारखेपासून, त्यामुळे दोघे शिक्षक केंद्रावर गेलेले, उरले नऊ. पाचवी ते नववी पाच खोल्या आणि एक रिलिव्हर, म्हणजे दिवसाला सहा माणसं. सहा दिवसांच्या छत्तीस ड्युट्या, प्रत्येकी बरोबर चार! तिघातिघांचे तीन गट पाडायचे आणि रोज एक गट मोकळा ठेवायचा. पहिल्याला सोमवार-गुरुवार, दुसऱ्याला मंगळवार-शुक्रवार, तिसऱ्याला बुधवार-शनिवार. मोकळीक अशी बसवली होती की ज्याचा पेपर, तो त्या दिवशी वर्गात नाही. मुलं खुणेने विचारत नाहीत, आणि प्रश्नपत्रिकेत आकडा चुकला तर दुरुस्तीला माणूस हाताशी राहतो.

इंग्रजीचा पेपर बुधवारी होता आणि इंग्रजी लेखक शिकवतो. त्यामुळे बुधवार-शनिवार त्याच्याच वाट्याला आला. शनिवारी मोकळं असलं की शुक्रवारी संध्याकाळीच गाव गाठता येतं, हा केवळ योगायोग.

मुख्याध्यापकांचं उत्तर सकाळी आलं: ‘काही वाचता येत नाही.’ शाळेच्या संगणकावर सगळं कृतिदेवमध्ये टाइप होतं. त्या फाँटमध्ये आत रोमन अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. फोनवर तो फाँट नसला की मुखवटा गळतो आणि ‘वेळापत्रक’ हा शब्द osGki=d असा दिसतो. लेखकाने अख्खा तक्ता युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, पीडीएफ केली आणि एक प्रत गणिताच्या सरांना दाखवली. दाद हवी होती.

सरांनी तक्ता पाहिला. “माझा गुरुवार मोकळा आहे जी,” ते म्हणाले. “बुधवारी माघ पुनव आहे. कचारगडची जत्रा.”

इथे थोडं कचारगडाकडे वळायला हवं. लेखकाला तेवढंच निमित्त पुरतं. गोंडी परंपरेत अशी कथा सांगतात की काली कंकालीची तेहतीस मुलं या डोंगरातल्या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडावर धोंड होती. हिरासुका पाटालीराने वाद्य वाजवलं, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी धोंड ढकलली. आणि तिच्याखाली वाजवणाराच गेला. पुढे पारी कुपार लिंगोने त्या मुलांना शिकवलं आणि समाजाची सगावार मांडणी केली. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. सात देववाल्यांची सात देववाल्यांत सोयरीक होत नाही. सरांनी हे सांगितलं तेव्हा लेखक चमकला. आपल्या पेपरला आपण नसावं, हा नियम त्याला स्वतःचा वाटत होता! इथे तर कितीतरी पिढ्यांची अख्खी सोयरीक अशाच नेमावर चालते, तीही पीडीएफविना.

आणि तोच माणूस, दर परीक्षेत दुसऱ्यांच्या ड्युट्या न बोलता करणारा, वर्षातला एक दिवस मागत होता. तो दिवस लेखकाच्या खिशात होता.

लेखकाने रात्री अदलाबदल केली. सोमवारी सर, बुधवारी आपण. स्वतःच्याच पेपरला बसणं नको म्हणून रिलिव्हर! बेरीज तरीही चार-चारच. या त्यागाचा उल्लेख ईमेलमध्ये दोनदा आला.

दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. तक्ता छापून समोर ठेवला होता. “छान आहे. पण बुधवारी मुलं किती येतील?”

लेखकाने खोल्या मोजल्या होत्या, माणसं मोजली होती, रिलिव्हर मोजला होता. मुलं मोजायची राहिली होती. जत्रेला मध्य प्रदेश, छत्तीसगडमधून माणसं दरेकसा स्टेशनावर उतरतात, आणि आपले पाचवी-नववीचे विद्यार्थी डोंगराच्या पायथ्याशी राहून बुधवारी इंग्रजीचा निबंध लिहीत बसतील असं त्याने सहा रंगांत गृहीत धरलं होतं. मुख्याध्यापकांनी पेनने बुधवारची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: सोमवार, 17.

बुधवारी लेखकही गेला. गुहेकडच्या चढावर रांग वळत होती. स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेला आठवीतला एक मुलगा वाटेत काठी आडवी धरून उभा होता. परीक्षेत हा सतत मागे वळून बघतो.

“सर, मधून नका घुसू. लाईनीत लागा जी.”

लेखक मागे जाऊन उभा राहिला. त्याच्यापुढे गणिताचे सर होते, चपला हातात घेऊन.