फोनवर प्रोजेक्ट करा, वर्ग गाजवा!

नववीचा विज्ञान प्रोजेक्ट, विषय ‘पावसाच्या पाण्याची साठवण’, घरात लॅपटॉप नाही. बिचारे तुम्ही! पण घाबरू नका. खालील सूचना पाळा, बाकी फोन बघून घेईल.

१. आधी गुगल स्लाइड्स, पॉवरपॉइंट आणि कॅन्व्हा, तिन्ही अ‍ॅप टाका. स्टोरेज भरलं की आईच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ उडवा. मग कॅन्व्हात शिरून टेम्प्लेट निवडत बसा. ज्यावर छोटा मुकुट दिसेल तेच घ्या. तो पैसे मागतो, हे डाउनलोडच्या वेळी कळेलच. फुकट मुकुट हवा असेल तर वॉटरमार्कसकट मिरवा.

२. फोन उभा धरता ना? मग स्लाइडही उभीच करा. ९:१६ ची स्लाइड १६:९ च्या पडद्यावर लावली की मध्ये जेमतेम एक तृतीयांश पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंना काळोख. ढग दाटून आले, असं मॅडमना सांगा. विषयाला धरून होईल.

३. पाठ्यपुस्तकातला उतारा जसाच्या तसा चिकटवा. मावला नाही तर अक्षर लहान करा. तुम्हाला काय, दोन बोटांनी मोठं करून वाचता येतं. मागच्या बाकावरच्यांनी भिंतीवर बोटं फिरवून पाहावं.

४. आता कळीचा भाग, फॉन्ट. शीर्षकाला कॅन्व्हातला वळणदार मराठी फॉन्ट द्या आणि फाइल पीपीटी म्हणून उतरवा. शाळेच्या संगणकात तो फॉन्ट नसतो. मग संगणक आपल्या मनाने दुसरा बसवतो, ओळी लांबतात, शब्द चौकटीबाहेर पडतात आणि ‘छतावरील पाणी’ थेट टाकीच्या चित्रावर सांडतं. प्रात्यक्षिक म्हणतात ते हेच. वर्गात काही अरसिक मुलं पीडीएफ करतात. त्यात फॉन्ट फाइलीतच बसून येतो, काही हलत नाही. अ‍ॅनिमेशन जातं, पण त्यांना त्याचं काय! अशांची संगत टाळा.

५. फाइल पाठवायची कशी? प्रत्येक स्लाइडचा स्क्रीनशॉट काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून सोडा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका आपोआप पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी पोचते आणि चुका स्वच्छ दिसतात. ती जोखीम कशाला?

६. सादरीकरणाच्या दिवशी पेन ड्राइव्ह नेऊ नका. फोनच प्रोजेक्टरला जोडू म्हणा. टाइप-सी केबल खोचा. बऱ्याच स्वस्त फोनचं ते छिद्र चार्जिंग करतं, फाइली इकडून तिकडे नेतं, चित्र मात्र बाहेर सोडत नाही. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी निळी पाटी येईल. केबल दोनदा उलटसुलट करा, फुंकर मारा. तास संपायला दहा मिनिटं उरली की मॅडम म्हणतील, “राहू दे बाळा, तोंडीच सांग.”

उतारा चिकटवताना तो वाचला नव्हता ना? मग पाणी कुठून येतं तिथपासून सुरू करा.