आवक-जावक काका

तीनशे चारमधल्या काकांना आमच्या इमारतीत आडनावाने कोणी ओळखत नाही. सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस. त्यामुळे लहान पोरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे ते 'आवक-जावक काका'. मी सोसायटीचा सचिव. त्यांच्या दाराचं तोंड माझ्या दाराकडे. त्यांना काही सांगायचं असेल तर चार पावलांचं अंतर. पण काका ती चार पावलं हातात कागद असल्याशिवाय टाकत नाहीत. कागद एक नाही, दोन. एक माझ्यासाठी, दुसऱ्यावर माझी सही, शिक्का आणि तारीख.

"काका, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं ना जी."

"तोंडीची पोच भेटत नाही."

वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पाण्याचं वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसकडे निघाला की घरोघरी कूलर लागतात, आणि कूलरच्या टपाला माणसांपेक्षा जास्त तहान असते. २०२४ च्या मे महिन्यात आमच्याकडे असं होऊ लागलं की सकाळी सहा-साडेसहाला नळाला फक्त हवा. दूध तापवायचं पातेलं तसंच, आंघोळीचा गुंड रिकामा. जिन्यात एकच चर्चा. "नळ गेले वाटते." "धाममध्येच पाणी नसंन आता." "येळाकेळीहून सोडलंच नसंन." महाकालीच्या धरणापासून पवनारच्या नदीपर्यंत सगळ्यांवर आरोप झाले. नगरपरिषदेत मोर्चा न्यावा असाही एक विचार निघाला, पण मोर्चाला जायचं तर आंघोळ करायला पाणी नव्हतं.

काका मात्र गप्प होते. २ मेच्या सकाळी मी खाली उतरलो तर बनियनवर, हातात टॉर्च घेऊन, खालच्या टाकीच्या झाकणापाशी उकिडवे बसलेले. सुतळीला एक मोठा नटबोल्ट बांधून त्यांनी तो टाकीत सोडला, वर काढला, ओली सुतळी टेपने मोजली आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: 'साडेचार फूट.' म्हणजे खालची टाकी काठोकाठ भरलेली. नळ गेलेच नव्हते. पाणी आमच्या दारात येऊन उभं होतं, फक्त जिना चढत नव्हतं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी हाच उद्योग केला. २५ मेच्या शनिवारी कागद आला. 'विषय: वरच्या टाकीत वारंवार पाणी न चढण्याबाबत. संदर्भ: निरंक.' पहिलंच पत्र होतं, संदर्भ कुठून आणणार? पण ती ओळ सोडली तर कागद अपुरा. खाली तारखा: २, ६, १३, २० आणि २४ मे. प्रत्येक तारखेसमोर वार, पाणी नसल्याची वेळ, खालच्या टाकीची उंची आणि पाणी पुन्हा आल्याची वेळ. दर वेळी खालची टाकी चार फुटांच्या वर, आणि पाणी आलं ते साडेनऊनंतर.

मी तारखा वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. मग संध्याकाळी चहा पिताना पुन्हा पाहिल्या. ६, १३, २० तिन्ही सोमवार. २ तारीख म्हणजे महाराष्ट्र दिनाचा दुसरा दिवस. २४ म्हणजे बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस. आमच्या वॉचमनला रविवारी आणि सणासुदीला दुपारी बारापासून सुटी असते. तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला येतो.

आता माझी गोष्ट सांगणं आलं. एरवी वॉचमन पहाटे पाच, दुपारी बारा आणि रात्री दहा अशी तीनदा मोटर लावतो. सुटीच्या दिवशी रात्रीची मोटर लागतच नसे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची मी लावायचो. पाच वाजता लुंगीवर खाली जायचं, बटण दाबायचं, मोटरचा घुंऽऽ आवाज ऐकायचा आणि समाधानाने येऊन झोपायचं. आवाज आला म्हणजे पाणी चढलं, असा माझा हिशेब.

काकांच्या पत्राचं दुसरं पान या घुंऽऽवरच होतं. मोटरचा पाणी ओढणारा पाइप खालच्या टाकीत सोडलेला असतो. त्याच्या तळाच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह असतो, एकाच बाजूने उघडणारी झडप. पाणी वर येऊ द्यायचं, परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तिच्यात खडा अडकला किंवा रबर झिजलं की पाइपमधलं पाणी थेंबथेंब टाकीत उतरतं. मोटर सात ते दहा तास बंद राहिली तर वरच्या उभ्या पाइपातलं पाणी जरा खाली येतं, मोटर मात्र भरलेली असते. पण रविवारी दुपारी बारा ते सोमवारी पहाटे पाच म्हणजे सतरा तास. तेवढ्यात पाणी मोटरच्याही खाली उतरतं, आत हवा शिरते आणि मोटर नुसती हवा घुसळत बसते. आवाज तोच, पाणी नाही. एप्रिलपर्यंत रविवारी भरलेली टाकी सोमवारी नऊपर्यंत पुरत होती म्हणून कोणाला कळलं नाही. मेमध्ये कूलर लागले आणि ती पहाटेच संपू लागली.

मागण्या तीनच होत्या. फुटव्हॉल्व्ह सात दिवसांत बदलावा. तोवर सुटीच्या दिवशीही रात्री दहाला मोटर लावावी. आणि मोटरपाशी वही ठेवून, वरच्या टाकीत धार पडते का ते पाहूनच वेळ लिहावी. शेवटची माझ्यासाठी होती, हे सांगायला नको. खाली उपविधींचा आधार: तक्रारीवर समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन पंधरा दिवसांत कळवावं. आणि तळटीप: 'सोसायटीला पाणी कमी मिळाल्यास विषय नगरपरिषदेचा; टाकीत असून घरात नसल्यास समितीचा.' त्याखाली: 'उपाय न झाल्यास २७ मे, सोमवार रोजी पाणी येणार नाही.' पंचांगकर्त्यालाही एवढी खात्री नसते.

मी २६ च्या रात्री दहाला स्वतः मोटर लावली, गच्चीवर जाऊन धार पाहिली. सोमवारी सकाळी सहाला सगळ्या घरांत पाणी होतं.

नऊला वॉचमन आला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "ते तर मले माहीत आहे ना साहेब. सुटीहून आलो का मोटरचं बूच खोलतो, दोन बादल्या पाणी टाकतो, मंग चढते."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनं इचारलंच नाही जी."

बुधवारी प्लंबरने त्याच बुचातून मोटर काठोकाठ भरून दाखवली आणि उभा राहिला. तासाभरात पाण्याची पातळी बुचाखाली गेली. फुटव्हॉल्व्ह वर काढला तर रबर फाटलेलं. नवा बसवला, साडेसहाशे रुपये लागले. काका टेप हातात घेऊन शेवटपर्यंत हजर होते. मी म्हटलं, "झालं आता काका."

३ जूनला, सोमवारी, सकाळी सातला बेल वाजली. दोन कागद. 'विषय: पाणी आल्याबाबत. संदर्भ: माझे दि. २५ मेचे पत्र.'

मी शिक्का मारून दिला.